आधी ‘फर्जंद’ की आधी ‘शेर शिवराज’?

दिवाळीत लालबाग-परळच्या चाळींत आणि गिरगावच्या वाड्यांत मुलं मातीचे किल्ले करतात. कुणी प्रतापगड करतं, कुणी पन्हाळा, कुणी सिंहगड. भाऊबीज उरकली की शाळा उघडेपर्यंतच्या मोकळ्या दिवसांत बऱ्याच घरांत एक बेत ठरतो: दिग्पाल लांजेकर यांचे शिवराज अष्टकातले चित्रपट ओळीनं बघायचे, रोज संध्याकाळी एक. टीव्ही लावला की पहिला प्रश्न उभा राहतो तो सुरुवातीचा. जो आधी प्रदर्शित झाला तो आधी, की ज्याचा इतिहास आधी घडला तो आधी?

आठ चित्रपटांच्या या संकल्पित मालिकेतले पहिले पाच चित्रपट ज्या क्रमानं आले, तो क्रम आणि त्यांतल्या घटनांचा क्रम अजिबात जुळत नाही. म्हणून हा प्रश्न नीट सोडवायचा कसा हे याच पाच चित्रपटांवर शिकता येतं, आणि एकदा रीत कळली की ती कुठल्याही लांबलचक मालिकेला लावता येते.

दोन याद्या करा

पहिलं काम कागद-पेन्सिलीचं आहे. एका बाजूला प्रदर्शनाचा क्रम लिहायचा. ‘फर्जंद’ १ जून २०१८ ला आला. ‘फत्तेशिकस्त’ १५ नोव्हेंबर २०१९ ला. मग करोनाची टाळेबंदी आली, थिएटरं बंद पडली आणि ‘पावनखिंड’ला १८ फेब्रुवारी २०२२ पर्यंत थांबावं लागलं. पाठोपाठ दोन महिन्यांत, २२ एप्रिल २०२२ ला ‘शेर शिवराज’ आला आणि २५ ऑगस्ट २०२३ ला ‘सुभेदार’.

दुसऱ्या बाजूला, त्याच ओळीत, प्रत्येक चित्रपटातली मुख्य घटना कधीची हे लिहायचं. ‘फर्जंद’ म्हणजे कोंडाजी फर्जंद यांनी मोजक्या मावळ्यांनिशी पन्हाळा घेतला ती मार्च १६७३ ची रात्र. ‘फत्तेशिकस्त’ म्हणजे लाल महालात शायिस्ताखानावर घातलेला छापा, एप्रिल १६६३. ‘पावनखिंड’ म्हणजे जुलै १६६०. ‘शेर शिवराज’ म्हणजे प्रतापगडाखालची अफझलखानाची भेट, १० नोव्हेंबर १६५९. ‘सुभेदार’ म्हणजे तानाजी मालुसऱ्यांचा कोंढाणा, ४ फेब्रुवारी १६७०.

आता प्रदर्शनाच्या ओळीनं फक्त इतिहासाची सालं वाचा: १६७३, १६६३, १६६०, १६५९, १६७०. पहिले चार चित्रपट काळात सरळ मागे मागे गेले आणि पाचव्यानं एकदम अकरा वर्षांची उडी पुढे घेतली. ज्यांनी हे चित्रपट लागले तसतसे दादरला किंवा गिरगावात जाऊन पाहिले, त्यांना हे फारसं जाणवलं नसेल, कारण दोन चित्रपटांमध्ये कधी वर्ष-दीड वर्ष गेलं, तर एकदा सव्वादोन वर्षं. पण लागोपाठच्या पाच संध्याकाळी बसलेल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाला ते जाणवतंच. परवा त्यानं पन्हाळा जिंकलेला पाहिला, आणि आज त्याच पन्हाळ्यावर महाराज वेढ्यात अडकलेले दिसले.

काळानुसार यादी करताना एक अडचण येते. काही गोष्टी एकमेकींवर चढलेल्या असतात. शायिस्ताखान पुण्यात येऊन बसला तो मे १६६० मध्ये, म्हणजे महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात असतानाच. छापा पडला तो त्यानंतर जवळजवळ तीन वर्षांनी. मग ‘फत्तेशिकस्त’ची गोष्ट ‘पावनखिंड’च्या आधीची म्हणायची की नंतरची? अशा वेळी सुरुवात कधीची हे बघू नये, गोष्ट जिथं फळाला येते ती घटना कधीची ते बघावं. प्रेक्षकाच्या मनात राहतो तो शेवट, आणि पुढची गोष्ट त्या शेवटाला जोडली जाते. म्हणून ‘पावनखिंड’ आधी, ‘फत्तेशिकस्त’ नंतर.

याप्रमाणे घटनांचा क्रम असा येतो: शेर शिवराज, पावनखिंड, फत्तेशिकस्त, सुभेदार, फर्जंद.

तीन धागे तपासा

याद्या झाल्या, तरी निवड होत नाही. एका भागाला दुसऱ्या भागाशी बांधणारे धागे शोधावे लागतात आणि ते तीन प्रकारचे असतात. पहिला गुपिताचा: एका भागानं मुद्दाम झाकून ठेवलेली गोष्ट दुसरा भाग उघडी करतो का? दुसरा कारणाचा: एका भागात जे घडतं त्याचं ‘का’ दुसऱ्या भागात आहे का? तिसरा ओळखीचा: एखादं पात्र, जागा किंवा जगण्याची तऱ्हा एका भागात समजावून दिली आहे आणि दुसरा भाग ती माहीत आहे असं धरून चालतो का?

गुपिताचा धागा बळकट असेल तर प्रदर्शनाचा क्रम मोडू नये. ‘स्टार वॉर्स’ हे याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण. १९७७ मध्ये जो चित्रपट आला तो कथेतला चौथा भाग. त्यापुढच्या, १९८० च्या चित्रपटात नायक आणि खलनायक यांच्या नात्याविषयी जे कळतं, त्यावर अख्ख्या कथेचा तोल आहे. १९९९ पासून आलेले तीन चित्रपट त्या खलनायकाच्या पूर्वायुष्याचेच आहेत. ते आधी पाहिले, तर १९८० चा तो धक्का उरतच नाही. तिथं काळाच्या क्रमानं जाणारा नवा प्रेक्षक कथेतली सर्वांत मोठी गोष्ट गमावून बसतो.

ओळखीचा धागा बळकट असेल तरीही प्रदर्शनाचा क्रमच बरा पडतो. सी. एस. लुईस यांच्या नार्निया मालिकेतलं पहिलं पुस्तक १९५० चं. त्यात मुलं कपाटातून बर्फाच्या जंगलात जातात आणि तिथं एक रस्त्यावरचा दिवा उभा असतो. हा दिवा इथं कसा, हे वाचकालाही माहीत नसतं आणि त्या न कळण्यातच मौज आहे. त्याचं उत्तर १९५५ च्या पुस्तकात येतं, ज्याची गोष्ट काळानं आधीची आहे. पुढे प्रकाशकांनी पुस्तकांना काळानुसार नवे क्रमांक दिले आणि १९५५ चं पुस्तक पहिलं झालं. लेखकानं स्वतः एका लहान वाचकाला लिहिलेल्या पत्रात काळाच्या क्रमाला पसंती दिली होती, तरी प्रश्नाच्या आधी उत्तर हाती ठेवणारा तो क्रम अनेक जुन्या वाचकांना आजही पटत नाही.

कारणाचा धागा मात्र उलट दिशेला ओढतो. जिथं झाकलेलं काही नाही, पण एका घटनेतून दुसरी उगवते, तिथं काळाचा क्रम बरा. आता हीच कसोटी आपल्या पाच चित्रपटांना लावून पाहू.

गुपित इथं आहे का?

अफझलखानाचं काय होतं, बाजीप्रभूंचं काय होतं, शायिस्ताखानाची बोटं कशी तुटली, तानाजींचं काय झालं, हे महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला थिएटरात शिरण्याआधीच ठाऊक असतं. राज्य मंडळाच्या शाळेत चौथीला ‘शिवछत्रपती’ हे इतिहासाचं पुस्तकच असतं. ज्यांनी ते वाचलेलं नाही, त्यांनी पोवाड्यांतून, आजीकडून किंवा दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्यांमुळे या गोष्टी ऐकलेल्या असतात. तेव्हा हे चित्रपट ‘काय होणार’ यावर उभे नाहीत, ‘कसं झालं’ यावर उभे आहेत. प्रदर्शनाचा क्रम राखण्याचं सर्वांत जोरदार कारण इथं लागू पडत नाही.

याला एक अपवाद आहे, आणि तो नेमका पहिल्या चित्रपटाचा आहे. कोंडाजी फर्जंद यांची पन्हाळ्याची मोहीम बाकीच्या चारांइतकी घरोघरी ठाऊक नाही. साठच्या आसपास माणसं घेऊन एवढा गड कसा घेतला असेल, ही उत्सुकता तिथं खरीखुरी टिकते. मग ‘फर्जंद’ शेवटी ठेवला तर आधीचा एखादा चित्रपट ही मोहीम फोडतो का? नाही फोडत, कारण बाकीचे चारही चित्रपट तिच्या आधीच्या काळातले आहेत. उलट, काळाच्या क्रमानं गेलं की माहितीच्या गोष्टी आधी येतात आणि सर्वांत कमी माहितीची गोष्ट शेवटी उरते. पाच संध्याकाळींच्या बेतात शेवटच्या संध्याकाळी काहीतरी नवं शिल्लक असणं सोयीचंच आहे.

पण खोलीत कोण बसलं आहे हेही बघायला हवं. दादरच्या एखाद्या घरी सुट्टीला परदेशातून आलेली भावंडं असतील आणि त्यांनी यातली एकही गोष्ट ऐकलेली नसेल, तर त्यांच्यापुरता प्रत्येक शेवट गुपितच आहे. तरीही निर्णय बदलत नाही. एका चित्रपटाचा शेवट दुसरा चित्रपट आधीच सांगून टाकेल अशी भीती असते ती मागे-मागे जाणाऱ्या क्रमात. पुढे-पुढे जाणाऱ्या क्रमात, या मालिकेपुरती, ती नाही.

कारणाची साखळी

या पाच चित्रपटांतला सर्वांत मोठा धागा एका गडाचा आहे, आणि तो प्रदर्शनाच्या क्रमात दिसतच नाही.

प्रतापगडाचा प्रसंग झाला १० नोव्हेंबर १६५९ ला. महाराज तिथं थांबले नाहीत. विजापूरच्या दरबाराला सावरायला वेळ न देता मराठी फौजा कोल्हापूरच्या दिशेनं गेल्या आणि अठराच दिवसांत, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा स्वराज्यात आला. म्हणजे ‘शेर शिवराज’मधल्या विजयाचं पहिलं मोठं फळ पन्हाळा.

विजापूरला हे सहन होणं शक्यच नव्हतं. सिद्दी जौहर मोठी फौज घेऊन आला आणि मार्च १६६० मध्ये त्यानं पन्हाळ्याला वेढा घातला. चार महिने तो वेढा पावसातही उठला नाही. १२ जुलैच्या रात्री महाराज विशाळगडाकडे निघाले, शिवा काशिद यांनी महाराजांचं सोंग घेऊन शत्रूला हुलकावणी दिली आणि बाजीप्रभू बांदलांच्या मावळ्यांसह घोडखिंडीत उभे राहिले. हे ‘पावनखिंड’. पण महाराज सुटले तरी पन्हाळा टिकला नाही. त्याच वर्षी तो आदिलशाहीला परत द्यावा लागला.

तो परत मिळवायला तेरा वर्षं लागली. नोव्हेंबर १६७२ मध्ये विजापूरचा अली आदिलशहा मरण पावला, दरबारात गोंधळ माजला, आणि ती संधी साधून मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद रात्रीच्या अंधारात पन्हाळ्यावर चढले. हा ‘फर्जंद’. त्यानंतर सव्वा वर्षानं, ६ जून १६७४ ला, रायगडावर राज्याभिषेक झाला.

मिळवला, गमावला, परत मिळवला, अशी पन्हाळ्याची ही गोष्ट शेर शिवराज, पावनखिंड आणि फर्जंद या तिघांत पसरलेली आहे. काळाच्या क्रमानं पाहिलं की ‘फर्जंद’मध्ये गडावर चढणाऱ्या साठ माणसांच्या मागे बाजीप्रभू उभे असतात. हा गड कशाची किंमत देऊन सोडावा लागला होता, ते प्रेक्षकानं तीन दिवसांपूर्वीच डोळ्यांनी पाहिलेलं असतं. ‘फर्जंद’ पहिला पाहिला तर पन्हाळा हा अनेक गडांपैकी एक गड राहतो.

काळाच्या क्रमाचा आणखी एक फायदा आहे. भावनेचा चढउतारही त्यात नीट बसतो. प्रतापगडचा विजय, मग खिंडीतलं बलिदान, मग लाल महालातलं धाडस, मग कोंढाण्यावरचं बलिदान आणि शेवटी पन्हाळ्याचा विजय. एक आड एक असा तो क्रम पडतो आणि मालिका जिंकल्याच्या आनंदात संपते. प्रदर्शनाच्या क्रमानं गेलं तर शेवट ‘सुभेदार’वर, म्हणजे तानाजींच्या मृत्यूवर होतो. लहान मुलांसोबत बघताना हा फरक लहान नाही.

ओळखीचा धागा कुठे आडवा येतो

आता प्रदर्शनाच्या क्रमाच्या बाजूनं काय बोलता येईल तेही पाहू, कारण बोलण्यासारखं बरंच आहे.

पाचही चित्रपटांत महाराजांच्या भूमिकेत चिन्मय मांडलेकर आहेत आणि जिजाऊंच्या भूमिकेत मृणाल कुलकर्णी. ही दोन माणसं ओळखीची राहतात, म्हणून कुठूनही सुरुवात केली तरी प्रेक्षक हरवत नाही. पण बाकीच्या चेहऱ्यांचं तसं नाही. अंकित मोहन ‘फर्जंद’मध्ये कोंडाजी आहेत, ‘फत्तेशिकस्त’मध्ये येसाजी कंक आणि ‘पावनखिंड’मध्ये रायाजी बांदल. अजय पूरकर ‘फत्तेशिकस्त’ आणि ‘सुभेदार’मध्ये तानाजी आहेत, तर ‘पावनखिंड’मध्ये बाजीप्रभू. उलट बहिर्जी नाईक हे पात्र एकच, पण ‘फर्जंद’मध्ये ते प्रसाद ओक यांनी केलं आणि ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’मध्ये हरीश दुधाडे यांनी.

हे चेहरे काळाच्या क्रमात कसे येतात ते बघा. दुसऱ्या संध्याकाळी खिंडीत बाजीप्रभू देह ठेवतात. तिसऱ्या संध्याकाळी तोच चेहरा तानाजी म्हणून समोर येतो. लहान मूल इथं हमखास गोंधळतं. यावर उपाय सोपा आहे आणि तो वेळीच करायचा असतो. तिसरा चित्रपट लावण्याआधी सांगायचं, ‘कालचे बाजीप्रभू ज्यांनी केले होते तेच नट आज तानाजी आहेत.’ हे आधी सांगितलं की मूल ते मान्य करतं. चित्रपट चालू असताना सांगावं लागलं तर पुढची पाच मिनिटं हातची जातात. प्रदर्शनाच्या क्रमात तरी हा प्रश्न सुटतो का? नाही. तिथं तानाजी, बाजीप्रभू, पुन्हा तानाजी अशी अदलाबदल होते. म्हणजे चेहऱ्यांची अडचण दोन्हीकडे आहे, फक्त वेगळ्या जागी.

दुसरी गोष्ट वयाची. १६५९ मध्ये महाराज २९ वर्षांचे होते आणि १६७३ मध्ये ४३ वर्षांचे. चित्रपट मात्र उलटे घडत गेले. ४३ वर्षांचे महाराज २०१८ मध्ये पडद्यावर आले आणि २९ वर्षांचे २०२२ मध्ये. काळाच्या क्रमानं बघताना गोष्टीतलं वय वाढतं आणि नटाचं वय मात्र शेवटी कमी होतं. वेशभूषा आणि रंगभूषा यांमुळे ते बऱ्यापैकी झाकलं जातं, पण मोठ्या माणसाच्या नजरेत येतं.

तिसरी गोष्ट कारागिरीची, आणि माझ्या मते प्रदर्शनाच्या क्रमाच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा हाच. ‘फर्जंद’पासून ‘सुभेदार’पर्यंत लढाईची दृश्यं, गडांची भव्यता आणि मोठ्या जमावाची मांडणी यांत दिग्दर्शकाचा हात बसत गेलेला दिसतो. प्रदर्शनाच्या क्रमानं पाहिलं की ही वाढ पाहायला मिळते. काळाच्या क्रमानं पाहिलं की सर्वांत आधी केलेला चित्रपट सर्वांत शेवटी येतो आणि शेवटच्या संध्याकाळी पडदा थोडा लहान झाल्यासारखा वाटू शकतो. म्हणून ज्याला चित्रपट कसे केले जातात यात रस आहे, जो ही सगळी गोष्ट आधीच जाणतो, आणि जो एका दिग्दर्शकाचं काम पाहायला बसला आहे, त्यानं प्रदर्शनाचाच क्रम घ्यावा. त्याच्यासाठी तोच खरा काळाचा क्रम आहे.

‘निर्मात्यांनी ज्या क्रमानं दिलं त्यातच त्यांचा हेतू असतो’ असंही म्हटलं जातं. मालिका आधीच आखून एका मागोमाग एक केली असेल तर त्यात तथ्य असतं. पण इथं मध्ये करोना आहे. ‘पावनखिंड’ आधी ‘जंगजौहर’ या नावानं जाहीर झाला होता आणि त्याचं प्रदर्शन लांबत गेलं. त्यामुळे तो आणि ‘शेर शिवराज’ दोन महिन्यांच्या अंतरानं आले. अशा क्रमात हेतू किती आणि परिस्थिती किती, हे बाहेरून सांगता येत नाही. तेव्हा या मालिकेत त्या मुद्द्यावर फार भार टाकू नये.

मधल्या मोकळ्या जागा भरा

काळाचा क्रम घेतला की एक जबाबदारी आपल्यावर येते. चित्रपट जिथं संपतो आणि पुढचा जिथं सुरू होतो, त्यांच्या मधली वर्षं कुणीतरी तोंडी सांगावी लागतात. घरात आजी-आजोबा असतील तर हे काम त्यांचं. फार नको, चहा होईपर्यंतचा वेळ पुरतो.

‘शेर शिवराज’ आणि ‘पावनखिंड’ यांच्या मध्ये सांगायचं ते इतकंच: पन्हाळा घेतला, म्हणून जौहर आला. ‘पावनखिंड’ आणि ‘फत्तेशिकस्त’ यांच्या मध्ये दोन गोष्टी: पन्हाळा परत द्यावा लागला, आणि हे सगळं चालू होतं तेव्हाच दुसऱ्या बाजूनं मुघलांचा शायिस्ताखान पुण्यात येऊन लाल महालात राहिला होता. दोन शत्रू, दोन दिशा, हे कळलं की तिसऱ्या संध्याकाळी पुणं का, हा प्रश्न पडत नाही.

सर्वांत मोठी पोकळी तिसऱ्या आणि चौथ्या संध्याकाळच्या मध्ये आहे. एप्रिल १६६३ ते फेब्रुवारी १६७० ही जवळजवळ सात वर्षं. यात जानेवारी १६६४ ची सुरतेची स्वारी आहे. त्यानंतर औरंगजेबानं मिर्झाराजे जयसिंग यांना पाठवलं, आणि जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह होऊन २३ किल्ले मुघलांना द्यावे लागले. त्यांत कोंढाणा होता. पुढे मे १६६६ मध्ये आग्र्याचा दरबार आणि ऑगस्टमध्ये तिथून सुटका. मग काही वर्षं शांतता, आणि १६७० मध्ये दिलेले गड परत घ्यायला सुरुवात. यातलं दुसरं काही सांगायला जमलं नाही तरी पुरंदरचा तह सांगायलाच हवा. तो न सांगता ‘सुभेदार’ लावला, तर महाराजांचा गड मुघलांच्या ताब्यात कसा आणि उदेभान तिथं काय करतो, हे नव्या माणसाला कळणार नाही.

शेवटची पोकळी लहान आहे. ‘सुभेदार’ आणि ‘फर्जंद’ यांच्या मध्ये विजापूरच्या बादशहाचा मृत्यू सांगायचा, आणि दुसऱ्या संध्याकाळची आठवण करून द्यायची: जो गड सोडावा लागला होता, आज तो परत घ्यायचा आहे.

क्रम चुकतोय हे कसं ओळखायचं

बेत कितीही नीट केला तरी खोलीतली माणसं वेगळी असतात. ती काय विचारतात याकडे लक्ष ठेवलं की क्रम बरोबर बसला की नाही ते कळतं. तीन धाग्यांचे तीन वेगळे प्रश्न असतात.

‘हा कोण?’ असं वारंवार येत असेल तर ओळखीचा धागा तुटला आहे. त्यासाठी क्रम बदलायची गरज नसते, नावं आणि नाती आधी सांगितली की भागतं. ‘पण का?’ असं येत असेल तर कारणाचा धागा तुटला आहे. म्हणजे मधली पोकळी भरायची राहिली, किंवा मागचा भाग पुढे आला आहे. आणि काहीच प्रश्न न येता ‘हे तर माहीतच आहे’ असं कंटाळून कुणी म्हणालं, तर गुपित आधीच फुटलं आहे. यातलं पहिलं आणि दुसरं सुधारता येतं, तिसरं येत नाही. म्हणून नवी मालिका हाती घेताना गुपिताचा धागा सर्वांत आधी तपासायचा, आणि थोडी जरी शंका आली तरी प्रदर्शनाच्या क्रमानं सुरुवात करायची. काळाच्या क्रमानं पुन्हा कधीही पाहता येतं. गुपित मात्र एकदाच उघडतं.

काळाच्या क्रमाची एक मर्यादा वयाशी जोडलेली आहे. त्यात पहिलाच चित्रपट ‘शेर शिवराज’ येतो आणि त्याचा शेवट अफझलखानाच्या वधाचा आहे. सहा-सात वर्षांचं, हळव्या मनाचं मूल घरात असेल तर सुरुवात तिथून करू नये. त्याच्यासाठी ‘फत्तेशिकस्त’पासून निघावं, पुढे ‘सुभेदार’ आणि ‘फर्जंद’ बघावेत, आणि आधीचे दोन मूल थोडं मोठं झाल्यावर दाखवावेत. यात पन्हाळ्याची साखळी तुटते, पण काळ मागे-पुढे होत नाही.

पुढचे भाग आले की

अष्टकातले उरलेले भाग येतील तेव्हा यादीत जागा करून द्यावी लागेल. आग्र्याच्या स्वारीवरचा चित्रपट जाहीर झालेला आहे. तो प्रदर्शनाच्या यादीत ‘सुभेदार’च्या खाली जाईल, पण काळाच्या यादीत ‘फत्तेशिकस्त’ आणि ‘सुभेदार’ यांच्या मधल्या त्या सात वर्षांच्या पोकळीत बसेल. चिन्मय मांडलेकर यांनी २०२४ मध्ये महाराजांची भूमिका यापुढे करणार नसल्याचं जाहीर केलं आहे. म्हणजे काळाच्या क्रमानं बघणाऱ्याला महाराजांचा चेहरा मध्येच एकदा बदलून पुन्हा पहिला झालेला दिसेल. ते आधी सांगून ठेवायचं, बाजीप्रभू आणि तानाजींचं सांगितलं तसंच.

याच दिग्दर्शकाचा फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेला ‘शिवरायांचा छावा’ संभाजी महाराजांवरचा आहे आणि तो अष्टकाच्या बाहेरचा आहे. तो कुठल्याही क्रमात शेवटीच ठेवावा.

तर लालबागच्या त्या घरात, जिथं एक आजी, आई आणि नऊ व तेरा वर्षांची दोन मुलं बसणार आहेत, तिथं माझी यादी अशी आहे: शेर शिवराज, पावनखिंड, फत्तेशिकस्त, मग आजीकडून पुरंदरचा तह आणि आग्रा, मग सुभेदार आणि शेवटी फर्जंद. तेरा वर्षांच्या मुलाला पुढे कधी चित्रपट करण्याचं वेड लागलं, तर त्यानं हेच पाच पुन्हा २०१८ पासून २०२३ पर्यंत, आले त्या क्रमानं बघावेत. पहिल्या खेपेला त्याला स्वराज्य कसं वाढलं ते कळलेलं असेल, दुसऱ्या खेपेला ते पडद्यावर आणणाऱ्याचा हात कसा वाढला ते कळेल.